गाडीतून उतरल्यापासून चहा येईपर्यंत

प्रिय माई,

मी 30 वर्षांचा, ठाण्यात नोकरी करतो. येत्या रविवारी देवगड तालुक्यातल्या एका वाडीत मुलगी बघायला जायचं आहे. फोटो, पत्रिका, फोनवरचं बोलणं झालंय, भेट पहिलीच. बाबा 6 वर्षांपूर्वी गेले. बरोबर आई, काका-काकू, मामा आणि मध्यस्थी करणारे एक नातेवाईक असतील. काका म्हणतात, पुढे आम्ही राहतो. आई म्हणते, मी आपली मागे बसेन, असल्या कार्यात माझं काय काम. मला ते पटत नाही, पण काय करावं तेही कळत नाही. त्यांच्याकडे आजोबा-आजी, काका, आत्या, भावकीतली माणसं असा मोठा गोतावळा आहे. कोणाच्या पाया पडू, कोणाला नुसता नमस्कार करू, मुलगी आली की काय करू? पुढचं बोलणं जमेल मला. गाडीतून उतरल्यापासून चहा येईपर्यंतचंच टेन्शन आलंय.

– एक वाचक, ठाणे

तुझं निम्मं काम शुक्रवारी संध्याकाळी एका फोनवर होईल. हा फोन मुलीच्या वडिलांना नको, तुमच्या मध्यस्थांना कर. रविवारी घरात कोण कोण असणार, त्यांत सगळ्यांत वडीलधारं कोण, कोणाला ऐकू कमी येतं का, कोणी अंथरुणाला खिळून आहे का, एवढं त्यांना विचार. नावं पाठ करत बसू नकोस, नाती लक्षात ठेव. आणि आपण किती माणसं येतोय तो आकडा त्यांच्या तोंडून तिकडे पोचू दे. सहा सांगून आठ उतरले, तर ओटीवर कोणी काही बोलणार नाही, पण आत एकसारख्या बशा शोधण्यात सगळ्या बायकांचा जीव जातो आणि त्या बाहेर येतात तेव्हा चेहऱ्यावर ते दिसतं.

वडीलधारं कोण हे मुद्दाम विचारायला सांगतेय. आपल्याकडे एकाच आवाठात भावकीची चार घरं असतात आणि सोयरिकीच्या बोलण्याला शेजारच्या घरातले चुलत आजोबा हमखास बोलावलेले असतात. ते कोपऱ्यातल्या खुर्चीत गप्प बसलेले असतात. पाहुण्यांना वाटतं, कोणी शेजारी आला असेल. पण मंडळी निघून गेली की घरातले सगळे त्यांच्याकडेच वळून विचारतात, ‘काय वाटला तुमका?’ त्यांना ओलांडून पुढे गेलास तर ते त्यांच्या लक्षात राहतं.

आता आईचं. यात मी स्पष्टच बोलते. पहिलं पाऊल आईचंच पडलं पाहिजे. काका शेजारी असोत, पण तिच्या पुढे नकोत. मुलीकडचे लोक पहिल्या दोन मिनिटांत एकच गोष्ट हेरत असतात, की आपली पोर ज्या घरात जाणार त्या घराचा कारभार कोणाच्या हातात आहे. आई मागे राहिली आणि काकू पुढे बसली, तर त्यांचा गोंधळ उडतो. मग मुलीची आई काकूंनाच विहीणबाई समजून बोलायला लागते, ते दुरुस्त करायला कोणाला तरी मध्ये पडावं लागतं आणि तेव्हा तुझ्या आईला जे वाटेल ते मला सांगवत नाही.

पण काकांना ‘तुम्ही मागे व्हा’ म्हणायचं नाही. 6 वर्षं त्यांनी घराची वडिलकी सांभाळली असणार, त्यांना त्यांचा मान हवाच. त्यांना बोलायचं काम दे. निघायच्या आदल्या रात्री तू स्वतः (आईने किंवा मामाने नव्हे) काकांना सांग, “काका, तिकडे आपली ओळख तुम्हीच करून द्या, मला ते जमणार नाही. आणि सुरुवात आईपासून करा.” मग ओटीवर ते हात जोडून म्हणतील, “ही माझी वहिनी, मुलाची आई. ही आमची मंडळी, हे मुलाचे मामा आणि हा आमचा मुलगा.” हे दिराच्या तोंडून आलं की आईची जागाही ठरते, काकांचीही ठरते, आणि ऐकणाऱ्यांना कळतं की भावामागे या घरात फाटाफूट झालेली नाही. ही शेवटची गोष्ट त्यांना तुझ्या पगाराइतकीच महत्त्वाची वाटते. कदाचित थोडी जास्तच.

हळदीकुंकवाचा प्रश्न बहुतेक घरांत निघताना येतो. पण काही घरांत बायका आल्या आल्या कुंकवाचा करंडा बाहेर येतो, म्हणून तो आधीच सोडवून ठेवायला हवा. आधी आईला एकटीला गाठून विचार, तिला कुंकू लावून घ्यायचं आहे का. तिचं उत्तर हो असो की नाही, तेच चालेल. तिला घ्यायचं असेल तर मध्यस्थांना शुक्रवारच्या त्याच फोनवर सांग, “आमच्याकडे आईला हळदीकुंकू लावतात, तेवढं तिकडे कानावर घाला.” यात संकोचाचं काही नाही. 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं परिपत्रक काढलं. तेव्हापासून गावागावांत हा विषय निदान बोलला तरी जातो. पण करंडा हातात धरून उभ्या राहिलेल्या बाईला त्या क्षणी निर्णय घ्यायला लावणं हा तिच्यावरही अन्याय आहे. तिची सासू शेजारी उभी असते. आधी कानावर असेल तर ती घरात विचारून तयार राहते. आणि तरीही ती थेट काकूंकडे वळली, तर काकूंनी हसून “आधी वहिनींना लावा” म्हणावं. हे तू बोलू नकोस, मामांनीही नाही. दुसऱ्या बाईनेच म्हटलं तर ते सहज जातं. आईला नकोच असेल, तर तिने हात जोडून “मला राहू दे” म्हणायचं आणि काकूंनी पुढे व्हायचं. मग त्यावर कोणी काही बोलायचं नाही.

प्रवासाचं थोडक्यात सांगते. रात्री कोकणकन्येत बसून सकाळी कणकवलीला उतरून तसेच थेट त्यांच्या दारात जाऊ नका. रात्रभर बसलेल्या माणसांचे कपडे आणि डोळे दोन्ही चुरगळलेले असतात. कणकवलीत नाहीतर देवगडात कोणाकडे तरी आंघोळी करा, कपडे बदला, काहीतरी खाऊन घ्या, म्हणजे तिकडे पोह्यांवर तुटून पडायला होणार नाही. उशीर होत असेल तर अर्धा तास आधी फोन करा. लवकर पोचणं त्याहून वाईट, कारण तेव्हा ओटीवर माणूस नसतो आणि आत नारळ खवणं चालू असतं. लवकर पोचलात तर वाटेत एखाद्या देवळात टेका.

आणि देवगडात आंबे घेऊन जाऊ नकोस! हसू नकोस, लोक नेतात. मिठाईचा एक बॉक्स पुरे. नारळ, सुपारी, साडी असं काहीही पहिल्या भेटीला नको, ते सगळं ठरल्यानंतरचं आहे आणि आधी नेलं तर समोरच्यावर दडपण येतं.

आता उतरल्यापासून बघू. समज, मध्यस्थांनी असं कळवलं: घरात मुलीचे आजोबा आहेत, त्यांना कमी ऐकू येतं. आजी आहे. आईवडील, धाकटे काका-काकू, कणकवलीहून आलेली आत्या, कॉलेजात जाणारा भाऊ, आणि भावकीतले चुलत आजोबा. म्हणजे तिकडची आठ-नऊ माणसं आणि तुम्ही सहा.

घर बहुधा रस्त्यापासून आत, खाली उतरून असेल आणि मुलीचे वडील किंवा भाऊ तुम्हाला न्यायला वर रस्त्यावर आलेले असतील. तुझा पहिला नमस्कार तिथे होणार. तो हात जोडून, मान थोडी लववून, एवढाच. भर रस्त्यात, पायांत बूट, खांद्याला बॅग अशा अवस्थेत कोणाच्या पाया पडायला जाऊ नकोस. वाकलेला माणूस आणि मागून येणारी रिक्षा यांचा मेळ बसत नाही, आणि ते स्वतः घाईघाईने मागे सरतात. “नमस्कार, घर सापडायला काही अडचण आली नाही” एवढं बोललं की झालं. बाकीची ओळख इथे सुरू करू नका. काकांना ते कळत नसेल, तर मध्यस्थांनी “चला, घरात बसून बोलू” म्हणावं. उतरताना पुढे मध्यस्थ आणि यजमान, मग आई आणि काका, मग बाकी सगळे, तू शेवटी चाललास तरी हरकत नाही. आईचा हात धरायची जागा असेल तिथे धर. चिऱ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, आणि पहिल्या भेटीत विहीण घसरली ही गोष्ट त्या वाडीत पुढची वीस वर्षं सांगितली जाईल.

खळ्यात आलात की यजमान चपला कुठे काढतात ते बघ आणि तिथेच काढ. खळं शेणाने सारवलेलं असेल तर बहुतेक लोक कडेलाच काढतात, लादी घातलेली असेल तर पायरीशी. मोजेही काढ. पाय धुवायला पाणी ठेवलेलं असेल, तांब्या असेल किंवा नळ, तर “नको, राहू दे” म्हणायचं नाही. पाणी ठेवणाऱ्याने तुमच्या येण्याची वाट बघितलेली असते. आधी आई, मग काका, मग तुम्ही. पाय पुसूनच वर चढ, ओल्या पायांचे ठसे लादीवर उमटतात आणि त्यावरून कोणी म्हातारं घसरू शकतं. खळ्यात तुळस असेल आणि आई हात जोडण्यासाठी थांबली, तर तूही थांब. ती थांबली नाही तर तू एकट्याने देखावा करू नकोस.

उंबरठ्यावर उभं राहून नमस्कार, हातात देणं-घेणं, ओळखपाळख यांतलं काही करू नका. आतला आत आणि बाहेरचा बाहेर असताना काही द्यायचं-घ्यायचं नाही असं आपल्याकडे मानतात, आणि न मानणाऱ्यालाही दारात झालेली गर्दी दिसतेच. आई आत गेली, काका गेले, तू गेलास, सगळे ओटीवर आले, की तिथे उभं राहायचं. बसायचं नाही. लोक “बसा, बसा” म्हणतील. तरी दहा सेकंद उभं राहायचं, कारण याच वेळात काकांनी ओळख करून द्यायची आहे आणि तुला नमस्कार करायचे आहेत. एकदा माणसं बसली की पुन्हा उठून पायांपर्यंत जाणं अवघड होतं, मध्ये टीपॉय येतो, कोणाचे गुडघे येतात.

नमस्काराचा क्रम वयाचा, खुर्च्यांचा नाही. आधी आजोबा. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून लांबून तोंडाने “नमस्कार” म्हणून उपयोग नाही. त्यांच्या नजरेसमोर ये, त्यांनी तुला पाहिलं याची खात्री कर, मग वाकून पायांना हात लाव. एका हाताने, चालता चालता, गुडघ्यापाशी हात फिरवून केलेला नमस्कार मुळीच करू नकोस, तो न केलेला बरा. मग आजी. ती ओटीवर नसेल, माजघराच्या दारात उभी असेल किंवा आत खाटेवर बसलेली असेल. ती बसलेली असेल तर विचारून जा, “आजींना नमस्कार करू का?” पण ती आडवी झालेली असेल तर पायांना हात लावायचा नाही. झोपलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, ते अशुभ मानतात आणि म्हातारी माणसं त्याने खरोखर बेचैन होतात. अशा वेळी उशाच्या बाजूला उभं राहून हात जोड, नाव सांग, आणि ती उठून बसली तरच पाया पड. तिसरे ते कोपऱ्यातले चुलत आजोबा.

आईवडिलांच्या पाया पडायचं का, याबद्दल घराघरांत मतभेद आहेत. माझं मत असं, की पहिल्या भेटीत त्यांना हात जोडून, मान लववून नमस्कार करावा. ठरण्याआधीच मुलीच्या बापाच्या पाया पडलास तर त्याला ‘हो’ म्हटल्यासारखं वाटू शकतं, आणि पुढे काही जमलं नाही तर ते दोघांनाही लागतं. शिवाय काही घरांत होणाऱ्या जावयाने पाया पडणं सासू-सासरे चालवूनच घेत नाहीत, ते खांद्याला धरून थांबवतात. पण तुझ्या घरची रीत वेगळी असेल, आई म्हणाली “पड रे पाया”, तर तिथे वाद घालू नकोस, पड. समोरच्याने पाय मागे घेतले किंवा खांद्याला हात लावला की तिथेच थांबायचं आणि हात जोडायचे. ओढाताण करून पाय गाठायचे नाहीत.

उरलेल्यांना एकेकाला गाठत बसू नकोस. काका, काकू, आत्या यांच्याकडे एकदा नीट वळून हात जोड. आणि वळ म्हणते ते माजघराच्या दाराकडे. पुरुष ओटीवर समोर असतात म्हणून मुलगे त्यांनाच नमस्कार करतात आणि दाराच्या चौकटीत उभ्या असलेल्या बायका राहून जातात. त्याच बायका रात्री भांडी घासताना तुझ्याबद्दल बोलणार असतात, आणि मुलगी त्यांचंच ऐकते. आत्या तर त्यासाठी कणकवलीहून आलेली असते. भाऊ लहान आहे, त्याने हात पुढे केला तर शेकहँड कर, नाहीतर “काय, कॉलेज कुठलं?” एवढं पुरे.

आता बस. बसण्याच्या जागेबद्दल एकच सांगते, ओटीवर झोपाळा असेल तर त्यावर बसायचं नाही. तो बहुधा आजोबांचा असतो, आणि नसला तरी तू झुलत झुलत उत्तरं देतोयस हे चित्र चांगलं दिसत नाही. मामांना आधी सांगून ठेव, मामा लोकांना झोपाळ्याचा फार मोह असतो. आईला अशी खुर्ची मिळू दे, जिथून तिला माजघराचं दार दिसेल. तिला कोणी “तुम्ही आत या ना” म्हणेल, बायकांना आत बोलावायची पद्धत आहे. तिने पहिली दहा मिनिटं ओटीवरच बसावं आणि “येते, जरा बसते” म्हणावं. आत गेली तर ओळखही तिच्यामागे होईल आणि प्रश्नही तिच्यामागे विचारले जातील. मिठाईचा बॉक्स बसल्यावर आईने मुलीच्या आईच्या हातात द्यावा आणि “देवापुढे ठेवा” म्हणावं. मुलीच्या हातात नाही, तुझ्या हाताने तर नाहीच. मोबाईल सायलेंट करून खिशात, टीपॉयवर उलटा ठेवलेलाही नको.

आधी पाणी येईल. पाण्याबरोबर गुळाचा खडा येईल, किंवा उन्हाचे दिवस म्हणून कोकमचं सरबत. तहान नसली तरी पेला घे आणि दोन घोट पी. पाण्याला नाही म्हणणं आपल्याकडे जिव्हारी लागतं, त्यामागे जुन्या काळी कोण कोणाकडचं पाणी पीत नसे याची आठवण आहे. आईला साखर असेल तर चहाचं आधी कळवून ठेव, म्हणजे तिथे “बिनसाखरेचा आहे का” ही चर्चा नको.

पाण्याच्या पेल्याबरोबर पहिले प्रश्न येतात आणि ते नोकरीचे नसतात. “मूळ गाव कुठलं? वाडी कुठली? ग्रामदेवता कोण? आजोळ कुठलं?” आजोबा हेच विचारणार. त्यांना तुझी परीक्षा घ्यायची नसते, ते मनातल्या मनात ओळखीचा माणूस शोधत असतात, त्या गावात दिलेली एखादी बहीण, तिथून आलेली एखादी सून. सापडला की त्यांचा चेहरा बदलतो. तेव्हा “मी ठाण्यातच वाढलो, गावाचं फारसं माहीत नाही” असं उत्तर देऊ नकोस. गाव, वाडी, ग्रामदेवता, कुलदैवत, आजोळ, आणि शेवटचा गावी कधी गेलास, एवढं तुझ्या तोंडात तयार असू दे, आणि आजोबांसाठी ते मोठ्याने, सावकाश सांग. ते मालवणीत विचारतील, “प्रवास बरो झालो मां?” तुझ्या घरात मालवणी बोलत असतील तर बेलाशक मालवणीत उत्तर दे. नसतील तर आपल्या मराठीत बोल. शिकून आणलेली दोन वाक्यं तिसऱ्या वाक्याला उघडी पडतात.

वडिलांचा विषय निघणारच. “बाबा कशाने गेले?” हा प्रश्न कोणीतरी आईकडे बघून विचारेल, त्यात वाईट हेतू नसतो. उत्तर तू द्यायचं, एका वाक्यात. काय झालं, कधी झालं. “त्यानंतर आईनेच सगळं उभं केलं, काका पाठीशी होते” हे लगेच जोड, कारण ते खरं आहे आणि दोघेही तिथेच बसलेले असतात. आईचे डोळे भरून आले तर गडबडून विषय बदलू नकोस. मुलीची आई पाणी पुढे करेल, तिला करू दे.

मग मुलगी येते. पूर्वी मुलाने मान खाली घालायची आणि मुलीने ट्रे धरून थरथरायचं अशी वाटणी होती. आता तसं नाही, तरी त्या ट्रेमध्ये चहाचे कप आणि पोह्यांच्या बशा असतात आणि सगळ्यांच्या नजरा असतात, हे विसरू नकोस. ती ओटीवर आली की बसल्या जागी सरळ हो, हात जोड, तिच्याकडे बघ आणि स्वतःचं नाव सांग. तिला तुझं नाव माहीत आहे, तरी सांग. दहा माणसांत तिच्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य असतं. शेकहँडसाठी हात पुढे करू नकोस, तिने केला तर घे. बशी दोन्ही हातांनी घे. “पोहे तुम्हीच केले का?” हा प्रश्न विचारू नकोस, तो तिला यापूर्वी विचारला गेलेला आहे.

याच वेळी कोणीतरी तिला म्हणेल, “सगळ्यांच्या पाया पड गो.” आणि ती ट्रे ठेवून तुझ्या आईपासून सुरुवात करेल. आईने तिला वाकू द्यावं, डोक्यावर हात ठेवावा आणि मग लगेच म्हणावं, “बस झालं, आता बस आमच्यात.” म्हणजे काका, काकू, मामा असं सहा जणांसमोर वाकत जायचं तिचं वाचतं. तू तिच्या आजोबांना जसा वाकलास, तशीच ती तुझ्या आईला वाकते आहे, एवढी फेड पुरे आहे. हे आईला आधी सांगून ठेव, ऐन वेळी सुचत नाही. आणि मुलीला बसायला जागा मोकळी ठेवा. सगळ्या खुर्च्या पाहुण्यांनी अडवल्या की ती दाराला टेकून उभी राहते आणि लोक तिला उभं करूनच प्रश्न विचारायला लागतात. तुझ्या काकूंच्या शेजारची खुर्ची रिकामी राहील एवढं बघ. नाही राहिली तर तू उठ, स्वतःची दे आणि तिच्या भावाशेजारी बाकावर जाऊन बस.

काकांशी बोलणं शनिवारी रात्रीवर ढकललंस तर गाडीच्या गडबडीत राहील. निघायच्या आदल्या रात्री जेवताना बोल, आई पानात वाढत असताना नाही, ती आत गेल्यावर.

– माई